मथळ्यांचा दुहेरी अन्वय : मराठी दैनिकांच्या वृत्तसंपादकांना आणि उपसंपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे वृत्तसंपादक आणि मथळे लिहिणारे उपसंपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मथळ्यांविषयी वाचकांची पत्रे आपल्याकडे येतात ती बहुधा शुद्धलेखनाबद्दल, परभाषी शब्दांबद्दल किंवा भडकपणाबद्दल असतात. माझी तक्रार यांपैकी कशाचीही नाही. ज्या मथळ्यात एकही अक्षर चुकलेले नाही, ज्याचे शब्द साधे आहेत आणि व्याकरण निर्दोष आहे, आणि तरीही ज्याचा अन्वय दोन प्रकारे लागतो, अशा मथळ्यांबद्दल हे पत्र आहे. पुढे दिलेले मथळे मी कोणत्याही दैनिकातून उचललेले नाहीत. ते मीच रचले आहेत. परंतु त्यांचे साचे आपल्या हाताखालून रोज जातात, हे आपण पाहताक्षणी ओळखाल.

पहिला मथळा असा : ‘पळून गेलेल्या आरोपीच्या भावाला अटक’.

पळून कोण गेले होते? आरोपी पळाला, तो हाती लागला नाही आणि म्हणून त्याच्या भावाला पकडले, असा एक अर्थ. आरोपी जागच्या जागी आहे, पळाला होता त्याचा भाऊ आणि तो आता सापडला, असा दुसरा. दोन्ही घटना जगात सहज घडू शकतात, दोन्हींची बातमी होऊ शकते आणि दोन्हींसाठी हाच मथळा अचूक आहे. ‘पळून गेलेल्या’ हे विशेषण ‘आरोपीच्या’ला जोडायचे की ‘भावाला’ जोडायचे, एवढाच प्रश्न आहे, आणि मथळ्यात त्याचे उत्तर कुठेही नाही. शब्द तेच, क्रम तोच, मात्र शब्दांची आपसातील बांधणी दोन प्रकारची. भाषाभ्यासक याला रचनागत संदिग्धता म्हणतात. शाळेत कवितेचा अन्वय लावताना आपण जे करत होतो, तेच वाचक मथळ्याशी करतो. फरक एवढाच की कवितेपुढे तो थांबतो आणि मथळ्यापुढे थांबत नाही.

एकाच शब्दाचे दोन अर्थ असल्याने होणारा घोटाळा वेगळा. ‘निकालानंतर कार्यकर्त्यांच्या हाती हार’ या मथळ्यात फुलांचा हार की पराभव, हा प्रश्न एका शब्दापुरता आहे. शब्द बदलला की तो मिटतो. अशा श्लेषाचा आपण मुद्दाम उपयोगही करता आणि त्याला माझी हरकत नाही. रचनेतली संदिग्धता मात्र शब्द बदलून जात नाही. ‘पळून गेलेल्या’च्या जागी ‘फरार झालेल्या’ घाला, ‘अटक’च्या जागी ‘बेड्या’ घाला; प्रश्न जसाच्या तसा राहतो.

दुहेरी मथळ्यांची चर्चा होते तेव्हा ती सहसा हसण्यासाठी होते. इंग्रजीत तर अशा मथळ्यांना २००९ पासून ‘क्रॅश ब्लॉसम’ असे नावच पडले आहे. जपानमधल्या एका इंग्रजी वृत्तसंकेतस्थळाचा एक मथळा त्याला कारण झाला. १९८५ च्या विमान अपघातात वडील गमावलेल्या एका व्हायोलिनवादिकेची कारकीर्द बहरत असल्याची ती बातमी होती. पण शब्द असे लागोपाठ आले होते की या वादिकेचा ‘अपघाताच्या बहरां’शी काही संबंध आहे, असेही तो मथळा सांगू लागला. तिथला घोटाळा इंग्रजीच्या स्वभावातून येतो : एकच शब्द नामही असतो आणि क्रियापदही, आणि मथळ्यात सहायक शब्द गाळल्यावर तो कोणत्या भूमिकेत आहे हे कळत नाही. मराठीत असे क्वचितच होते, कारण आपली क्रियापदे प्रत्ययांवरून ओळखू येतात. म्हणून इंग्रजीतील गमतीची उदाहरणे वाचून आपण सुटलो, असे आपल्याला वाटू शकते. आपला घोटाळा वेगळ्या जागी आहे.

मराठीत विशेषण, षष्ठीचे पद, ‘जाणारा’ किंवा ‘गेलेला’ यांसारखे धातुसाधित, ‘दारू पिऊन’सारखे अव्यय, सगळे काही ज्याविषयी बोलायचे त्याच्या डावीकडे येते. क्रियापद शेवटी असते. त्यामुळे मथळ्याच्या डाव्या टोकाला उभा असलेला शब्द उजवीकडच्या दोन किंवा तीन शब्दांपैकी कोणाचाही असू शकतो. तो नेमका कोणाचा, हे सांगण्यासाठी मराठीने एक चांगली सोय केलेली आहे : विशेषण आपल्या नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलते. ‘जुने पुस्तकांचे दुकान’ म्हटले की जुने आहे ते दुकान. ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ म्हटले की जुनी आहेत ती पुस्तके. इथे वाचकाला संदर्भाची गरजच नाही, ‘जुने’ आणि ‘जुन्या’ यांतला फरक पुरेसा आहे.

आता या दुकानाला आग लावून पाहा. ‘जुन्या पुस्तकांच्या दुकानाला आग’. ‘दुकान’ या शब्दाला ‘ला’ प्रत्यय लागला, त्याचे सामान्यरूप झाले, आणि त्याबरोबर त्याच्या विशेषणालाही ‘जुने’ सोडून ‘जुन्या’ व्हावे लागले. ‘जुना मुलगा’, ‘जुनी वही’, ‘जुने घर’ या तिन्हींना प्रत्यय लावून पाहा : जुन्या मुलाला, जुन्या वहीला, जुन्या घराला, आणि अनेकवचनात जुन्या घरांना. लिंग गेले, वचन गेले, सगळीकडे एकच ‘जुन्या’ उरले. षष्ठीचेही तसेच : ‘चा, ची, चे’ या तिन्हींचा ‘च्या’ होतो. ज्या रूपांवर अन्वय उभा होता ती रूपेच सपाट झाली. म्हणजे मराठी मथळ्यातील दुहेरी अन्वयाची सगळ्यांत मोठी खाण शेवटच्या नामाला लागलेल्या विभक्तिप्रत्ययात आहे. आणि आपल्या मथळ्यांचा सर्वांत आवडता साचा नेमका हाच आहे : कोणाला तरी अटक, कशाला तरी आग, कोणावर तरी गुन्हा, कशात तरी घट.

कारण कळले की उपायही हाती येतो. शेवटच्या नामाला प्रत्ययातून मोकळे करावे, म्हणजे विशेषणाला त्याचे खरे रूप परत मिळते. ‘पळून गेलेल्या आरोपीचा भाऊ अटकेत’ असे लिहिले, तर पळाला तो आरोपीच; कारण भाऊ पळाला असता तर ‘पळून गेलेला’ म्हणावे लागले असते. भाऊ पळाला असेल तर ‘आरोपीचा पळून गेलेला भाऊ अटकेत’. प्रत्यय ठेवायचाच असेल तर ‘आरोपीच्या पळून गेलेल्या भावाला अटक’ असेही लिहिता येईल, कारण विशेषण आता थेट भावाच्या शेजारी बसले आहे. मूळ मथळ्यात पाच शब्द होते, दुरुस्त केलेल्या तिन्हींतही पाचच आहेत. जागा नसते ही अडचण मला ठाऊक आहे, पण या ठिकाणी ती आड येत नाही.

या उपायाला मर्यादा मात्र आहेत आणि त्या मथळा लिहिणाऱ्याला माहीत असायला हव्यात. पहिली मर्यादा स्त्रीलिंगी अनेकवचनाची. ‘जुन्या पुस्तकांच्या प्रती सापडल्या’ या मथळ्यात ‘प्रती’ला कोणताही प्रत्यय नाही, तरीही पुस्तके जुनी की प्रती जुन्या हे कळत नाही, कारण स्त्रीलिंगी अनेकवचनाचे विशेषण मुळातच ‘या’कारान्त असते : जुन्या प्रती, जुन्या वह्या. इथे प्रत्यय काढून काही साधत नाही. ‘पुस्तकांच्या जुन्या प्रती’ असा क्रमच बदलावा लागतो. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. मराठीतील पुष्कळ विशेषणे कोणत्याच नामापुढे बदलत नाहीत, आणि बातम्यांच्या भाषेत नेमकी त्यांचीच गर्दी असते : बेकायदा, बनावट, माजी, ज्येष्ठ, जखमी, निलंबित, संशयित. ‘बेकायदा फटाक्यांचा कारखाना उद्ध्वस्त’ या मथळ्यात शेवटचे नाम मोकळे आहे, तरीही कारखान्याला परवानगी नव्हती की फटाके बंदी असलेल्या जातीचे होते, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. कारखान्याच्या मालकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे गुन्हे आहेत. ‘फटाक्यांचा बेकायदा कारखाना’ म्हटले की एक अर्थ पक्का होतो. दुसरा अर्थ हवा असेल तर ‘बेकायदा फटाके बनवणारा कारखाना’ लिहून भागत नाही. तिथे ‘बेकायदा’ हे क्रियाविशेषण होऊन ‘बेकायदा बनवणारा’ असाही अन्वय लागतो. अशा वेळी ‘बंदी असलेले फटाके बनवणारा कारखाना’ असे सरळ सांगितलेले बरे. मी या पत्राच्या मायन्यात ‘ज्येष्ठ वृत्तसंपादक आणि उपसंपादक’ असे लिहिले असते, तर ते ज्येष्ठत्व उपसंपादकांनाही द्यायचे की नाही, हा प्रश्न आपणच मला विचारला असता.

आता दुसरा साचा. ‘पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पकडले’. हा वाचून कोणीही हसेल, आणि हसेल याचा अर्थ त्याला दोन्ही अन्वय दिसले. वाक्यात क्रिया तीन आहेत, पिणे, चालवणे आणि पकडणे; ‘पोलिसांनी’ हे पद शेवटच्या क्रियेचे आहे, परंतु ते उभे आहे पहिल्या क्रियेच्या शेजारी. ‘दारू पिऊन’ हे पकडण्याला जोडले की पोलीस झिंगलेले, चालवण्याला जोडले की चालक. जगाच्या सामान्य अनुभवावरून वाचक दुसरा अन्वय निवडतो, पहिल्याला हसतो आणि पुढे जातो. फारसे काही बिघडत नाही.

हाच सांगाडा ठेवून मांस बदलू या : ‘पोलिसांनी मारहाण केलेल्या तरुणाला रुग्णालयात नेले’. हसू येत नाही. येत नाही, कारण इथे कोणताच अन्वय हास्यास्पद नाही. मारहाण पोलिसांनी केली आणि नेले आणखी कोणीतरी, ज्याचा उल्लेख नाही. हा एक अर्थ. मारहाण इतर कोणी केली आणि पोलिसांनी मदत म्हणून रुग्णालयात नेले, हा दुसरा. आणि ‘मारहाण केलेला तरुण’ म्हणजे ज्याने दुसऱ्याला मारहाण केली तो तरुण, असेही मराठीत म्हणतात. तेव्हा पोलिसांनी हल्लेखोराला नेले, हा तिसरा. ‘पोलिसांनी’ या एका पदावर ‘केलेल्या’ आणि ‘नेले’ ही दोन क्रियापदे हक्क सांगत आहेत, आणि ‘केलेल्या’ या रूपात कर्ता की कर्म हा भेदच नाही. एका वाचकाला यात पोलिसी अत्याचाराची बातमी दिसेल, दुसऱ्याला पोलिसांच्या तत्परतेची. ज्याच्या मनात पोलिसांविषयी आधीच जे मत असेल, त्याप्रमाणे तो अन्वय लावील, आणि आपण निवड केली हे त्याला जाणवणारही नाही.

माझे मुख्य म्हणणे हेच आहे. ज्या मथळ्याचा दुसरा अर्थ वेडगळ असतो तो लगेच लक्षात येतो, त्याची छायाचित्रे फिरतात, कक्षात दुसऱ्या दिवशी चेष्टा होते आणि तो साचा काही दिवस टाळला जातो. ज्या मथळ्याचे दोन्ही अर्थ पटण्याजोगे असतात तो कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि नुकसान तोच करतो. अर्ध्या वाचकांनी एक बातमी वाचलेली असते, अर्ध्यांनी दुसरी. म्हणून मथळा हास्यास्पद होतो का, एवढेच तपासून भागणार नाही. तो दोन प्रकारे गंभीर होतो का, हे पाहायला हवे.

या साच्याची दुरुस्तीही अवघड नाही. कर्त्याला त्याच्या क्रियापदाजवळ नेऊन बसवायचे : ‘मारहाण झालेल्या तरुणाला पोलिसांनी रुग्णालयात नेले’. ‘केलेल्या’ऐवजी ‘झालेल्या’ आले की तरुणाने मार खाल्ला हे ठरते. ‘पोलिसांनी’ हे पद ‘झालेल्या’च्या उजवीकडे गेले की त्याला ‘नेले’शिवाय दुसरे क्रियापद उरत नाही. आरोप पोलिसांवरच असेल तर ‘पोलिसांच्या मारहाणीत जखमी तरुण रुग्णालयात’. आणि तरुण हल्लेखोर असेल तर ‘मारहाण करणाऱ्या तरुणाला’. याच कुळातला एक मथळा कालवाचक शब्दाचा असतो : ‘सोमवारी अटक केलेल्या आरोपीला न्यायालयात हजर केले’. सोमवारी अटक झाली की सोमवारी हजर केले? अटक आणि हजेरी यांमध्ये किती वेळ गेला, हाच जिथे वादाचा मुद्दा असू शकतो, तिथे वार कोणत्या क्रियेचा हे अधांतरी ठेवणे बरे नाही.

तिसरा साचा नकाराचा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत कमी ओळखला गेलेला आहे. ‘दबावामुळे राजीनामा दिला नाही : अध्यक्षांचा खुलासा’. या मथळ्यावरून मला एकच गोष्ट सांगा : अध्यक्षांनी राजीनामा दिला आहे की नाही?

दिला आहे, पण त्याचे कारण दबाव नव्हे, असे अध्यक्ष म्हणत असतील. किंवा द्यायचा होता, पण दबाव आल्यामुळे तो दिलाच नाही, असेही म्हणत असतील. पहिल्या अर्थात अध्यक्ष खुर्चीवरून उतरलेले आहेत, दुसऱ्यात बसलेले. एका मथळ्यातून दोन परस्परविरोधी वस्तुस्थिती निघतात, आणि त्याही प्रत्येक शब्द जागेवर असताना. ‘नाही’ने नेमके काय नाकारायचे, फक्त ‘दबावामुळे’ एवढे की ‘राजीनामा दिला’ हे सगळे, हे इथे ठरलेले नाही. पहिल्या अन्वयात नकार कारणाला लागतो आणि क्रिया शाबूत राहते; दुसऱ्यात नकार क्रियेला लागतो आणि कारण त्या नकाराचे कारण बनते.

बोलताना हा प्रश्न उद्भवतच नाही. ‘दबावामुळे’वर जोर देऊन म्हटले की पहिला अर्थ, ‘दबावामुळे’ म्हणून किंचित थांबले आणि पुढचे एका दमात म्हटले की दुसरा. अध्यक्षांनी पत्रकार परिषदेत हे वाक्य उच्चारले तेव्हा समोर बसलेल्या वार्ताहराला ते स्पष्टच होते. त्याने ते जसेच्या तसे लिहून पाठवले, उपसंपादकाने जसेच्या तसे मथळ्यात घेतले, आणि या प्रवासात आवाज तेवढा गळून पडला. म्हणून अवतरणचिन्हांतले वाक्य मथळ्यात घेताना अधिक जपावे लागते. वाक्य प्रामाणिकपणे उतरवले म्हणजे अर्थही प्रामाणिकपणे उतरला, असे होत नाही. ‘राजीनामा दिला तो दबावामुळे नव्हे’ असे लिहिले की पहिला अर्थ पक्का होतो, कारण ‘नव्हे’ आता एकट्या ‘दबावामुळे’ला बांधलेले आहे. दुसऱ्यासाठी ‘दबाव आल्याने राजीनामा टळला’ असे म्हणून नकारच काढून टाकता येतो. ‘मुळे’, ‘साठी’, ‘म्हणून’ आणि ‘ऊन’ यांपैकी काही एक आणि ‘नाही’ हे दोन्ही एका मथळ्यात आले की थांबावे, एवढी खूणगाठ पुरे. ‘घाबरून पळालो नाही’ म्हणणारा पळाला होता की नव्हता, याचा विचार करून पाहावा.

‘सर्व’चे आणि ‘नाही’चे नातेही असेच आहे. ‘सर्व शाळा सोमवारी सुरू होणार नाहीत’ हे वाचून एका पालकाला वाटते की सोमवारी एकही शाळा सुरू नाही, आणि दुसऱ्याला वाटते की काही सुरू होतील, काही होणार नाहीत. ‘एकही शाळा सुरू होणार नाही’ किंवा ‘काही शाळा बंदच राहणार’ यांपैकी जे खरे असेल ते लिहायला तितकीच जागा लागते.

षष्ठीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिचे मूळ जुने आणि परिचित आहे. मथळा क्रियापद गाळतो आणि त्याच्या जागी क्रियावाचक नाम आणतो : चौकशी, निवड, तपासणी, मागणी. क्रियापद असते तेव्हा ‘आयुक्तांनी चौकशी केली’ आणि ‘आयुक्तांची चौकशी केली’ हे वेगळे राहते. नाम झाले की ‘आयुक्तांच्या चौकशीला विरोध’. चौकशी आयुक्त करत आहेत की आयुक्तांचीच होत आहे? संस्कृत वैयाकरणांनी हे फार पूर्वी नोंदवले होते. ‘कर्तृकर्मणोः कृति’ या पाणिनीच्या सूत्रानुसार कृदन्ताच्या योगाने कर्ता आणि कर्म दोघांनाही षष्ठी होते. मराठीने काही नामांपुरती यातून सुटका करून घेतली आहे. ‘अध्यक्षांची टीका’ म्हणजे अध्यक्षांनी केलेली, कारण त्यांच्यावर झालेली असती तर ‘अध्यक्षांवर टीका’ म्हटले असते. ‘शिक्षकांना मारहाण’ आणि ‘शिक्षकांची मारहाण’ यांतही घोटाळा नाही. ज्या नामाच्या कर्मालाही षष्ठीच लागते, तेवढी नामे धोक्याची. आणि त्यात वरचा सामान्यरूपाचा सपाटपणा मिसळला की ‘आयुक्तांच्या चौकशीच्या मागणीला विरोध’ असा मथळा तयार होतो, ज्यात आयुक्त चौकशी करणारे, चौकशी होणारे किंवा मागणी करणारे असे तिघेही असू शकतात. ‘आयुक्तांकडून’, ‘आयुक्तांविरुद्ध’ ही शब्दयोगी अव्यये अशाच वेळी कामाची असतात.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की मथळ्याखाली बातमी असते, उपमथळा असतो, छायाचित्र असते. वाचक दोन ओळी वाचतो आणि शंका फिटते. छापील पानापुरते हे बरेचसे खरे होते. शिवाय तिथे आपल्या हाती आणखी एक साधन होते, ओळ तोडण्याचे. दोन ओळींच्या मथळ्यात ‘पळून गेलेल्या आरोपीच्या’ ही पहिली ओळ आणि ‘भावाला अटक’ ही दुसरी, अशी मांडणी केली तर वाचक ओळीला एक घास समजून आरोपीलाच पळालेला मानतो. ‘पळून गेलेल्या’वर ओळ संपवली आणि ‘आरोपीच्या भावाला अटक’ खाली घेतले, तर तोल भावाकडे जातो. जुने उपसंपादक ओळ कुठे तोडायची यावर वाद घालत, तो केवळ देखणेपणाचा वाद नव्हता. आता तोच मथळा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जातो, जिथे ओळ कुठे तुटेल हे अक्षराच्या आकारावर आणि पडद्याच्या रुंदीवर ठरते. दूरचित्रवाणीच्या तळपट्टीवर तर तो एका रांगेत सरकतो, आणि कोणी पुढे पाठवला की बातमीशिवाय एकटाच जातो. ज्या संदर्भावर आपण विसंबतो, तो मथळ्याबरोबर प्रवास करत नाही.

दुसरी अडचण मला अधिक खरी वाटते. मथळा लिहिणाऱ्याने बातमी आधीच वाचलेली असते, त्यामुळे त्याला दुसरा अन्वय दिसूच शकत नाही. कितीही अनुभवी असला तरी नाही. पळाला कोण हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या डोळ्यांना ‘पळून गेलेल्या’ हे पद आपोआप त्याच माणसाला चिकटलेले दिसते. म्हणून स्वतःचा मथळा पुन्हा वाचून फारसा उपयोग होत नाही. बातमी न वाचलेल्या शेजाऱ्याला नुसता मथळा दाखवावा आणि ‘यात काही चूक आहे का’ असे न विचारता नेमका प्रश्न विचारावा : पळाले कोण? मारले कोणी? राजीनामा दिला की नाही? त्याचे उत्तर बातमीशी जुळले नाही, किंवा उत्तर देण्याआधी तो अडखळला, तर मथळा बदलावा. शेजारी नसेल तर मथळा दोन निरनिराळ्या जागी थांबून मोठ्याने वाचावा. दोन्ही वेळा त्यातून सुसंगत बातमी निघाली, तर तो दुहेरी आहे.

पान सोडण्याच्या घाईत प्रत्येक मथळ्याला हे शक्य नाही, हे मी जाणतो. क्रीडा, हवामान, कार्यक्रमांच्या बातम्या यांत दुहेरी अन्वयाने कोणाचे फारसे वाकडे होत नाही. त्या सोडून द्याव्यात. माझी विनंती दोनच प्रकारांपुरती आहे. ज्या मथळ्यात गुन्हा, अटक, निलंबन किंवा मृत्यू आहे आणि दोन माणसे षष्ठीने जोडलेली आहेत, आरोपीचा भाऊ, अधिकाऱ्याची पत्नी, नेत्याचा चालक, तो एक. आणि ज्या मथळ्यात कारण व नकार एकत्र आले आहेत, तो दुसरा. पहिल्यात निरपराध माणसावर आरोप जातो, दुसऱ्यात वस्तुस्थिती उलटी होते. आपल्या शैलीपुस्तिकेत ‘ऱ्हस्व-दीर्घ’ आणि ‘अनुस्वार’ यांच्यासाठी पाने असतात. या दोन प्रकारांसाठी त्यात अर्धे पान निघावे.

आणि चूक घडून गेल्यावरच्या खुलाशाविषयी एक मागणी आहे. अशा मथळ्याबद्दल तक्रार आली की उत्तर मिळते, ‘मथळा व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे, वाचकांचा गैरसमज झाला.’ व्याकरणदृष्ट्या तो बरोबरच असतो, आणि वाचकाने लावलेला अन्वयही तितकाच बरोबर असतो. त्याला गैरसमज म्हणता येत नाही. ज्या भावाचे नाव अकारण बदनाम झाले, त्याला ‘गैरसमजाबद्दल दिलगिरी’ वाचून काहीच मिळत नाही, कारण त्यातून पळाला कोण होता हे अजूनही कळत नाही. खुलाशात पहिले वाक्य हे असावे : ‘पळून गेला होता तो आरोपी, त्याचा भाऊ नव्हे.’

आपला,
व्याकरण शिकवणारा एक मुद्रितशोधक